गीत : पारंपरिक

उकंडानं तबकडी कडेनं धरली आणि दाराच्या उजेडाकडे तिरपी केली. तुळसाबाईनं खालून आधार दिला.

"पाडान बरं," ती म्हणाली.

"पाडीन कायले? जीव गेला तरी पाडत नाही."

जीव जाण्याचं बोलणं तुळसाबाईला आता थट्टेतही चालत नव्हतं. राजूरच्या कोळशाच्या खाणीत उभी हयात गेली आणि खाणीनं नवऱ्याच्या छातीत घर केलं. डॉक्टरनं तर हात टेकले होते. पण हा बाप्पा एकाच गोष्टीसाठी तग धरून होता. त्यानं रचलेलं गाणं रेकॉर्डवर चढलं होतं, आणि त्यावर छापलेलं आपलं नाव त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. लेकरूबाळ नव्हतं. मागं राहील ते एवढंच.

गाणं गायलेला धर्मपाल वणीहून सायकलला ग्रामोफोन बांधून आला होता. तो चावी भरत बसला होता. मान काही वर करत नव्हता.

मधल्या गोल कागदावर उकंडाचं बोट अक्षराअक्षरानं सरकू लागलं. वर कंपनीचा छाप. त्याखाली 'मराठी लोकगीत'. मग गाण्याची पहिली ओळ, 'वेच वं कापूस, वेच वं बाई'. ती वाचताना त्याचा चेहरा असा खुलला की तुळसाबाईला तो लग्नातला उकंडा दिसला.

"'धर्मपाल आणि पार्टी'," त्यानं पुढं वाचलं.

"पार्टी म्हंजे कोन?" तुळसाबाईनं विचारलं.

"भावसिंगची ढोलकी, मागं झील ओढनारी मैनाबाई, सारे त्याच्यातच आले," धर्मपाल खालमानेनं म्हणाला. "साथवाल्याईचं नाव नाही छापत ते."

"'संगीत'," उकंडा वाचत होता. पुढं मुंबईच्या कुणाचं नाव होतं. गाण्याआधी ज्यानं बासरी अन् व्हायोलिन घातलं, तो. मग बोट एक ओळ खाली उतरलं आणि तिथंच थांबलं. पुढं फक्त तबकडीचा नंबर होता. बोट पुन्हा वर आलं.

"काय लिवलं?" तुळसाबाईनं विचारलं.

"'गीत, पारंपरिक'."

"म्हंजे?"

"म्हंजे जुनं. वाडवडलांचं. कोनं केलं ते कोनालेच ठावं नाही, असं."

"कोनालेच कसं? मले ठावं हाये ना! कापसाच्या पऱ्हाटीत उभं राहून केलं तुमी, मी वेचून राह्यलती!"

उकंडानं तबकडी उलटी केली. कधी कधी लांब गाण्याचा दुसरा भाग मागं असतो, हे त्याला माहीत होतं. मागं दुसरंच गाणं होतं, आणि त्याला कवीचं नाव होतं.

"धर्मपाल, तू सांगतलं नाही?"

"सांगतलं ना, दादा." धर्मपालनं चावी भरायची थांबवली. "कंपनीवाल्यानं इचारलं, गानं कोनाचं. म्हनलं, शेवटच्या कडव्यात नाव हाये, ऐकसान तवा समजन. पन एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनटंच मावते. बासरीतच अर्धं मिनिट गेलं. संगीतवाला मास्तर म्हने, एक कडवं उडवा. पेन्सिल घेतली अन् कागदावरच्या शेवटच्या कडव्यावर काट मारली. तोच कागद छापाले गेला. त्याच्यावर दुसरं कुठंच नाव नव्हतं."

नव्हतंच. कागद उकंडानं आपल्याच हातानं लिहिला होता. पण गाण्याच्या डोक्यावर नाव कोण लिहितो? ते मिरवणं झालं. कवीनं आपलं नाव शेवटी, हात जोडून सांगायचं, असंच तो शिकला होता.

"आता बदलन का?" तुळसाबाईनं विचारलं.

"छापून दुकानाइत गेल्या तबकड्या, वहिनी."

उकंडानं तबकडी धर्मपालकडं सरकवली. मग म्हणाला, "लाव."

सुई खरखरली, बासरी वाजली आणि धर्मपालचा आवाज खोलीत भरला. आजूबाजूच्या बाया दाराशी गोळा झाल्या. म्हातारी बिजलीबाई तर उंबरठ्यावरच बसली. ढोलकी अशी घुमली की तुळसाबाईचं दुःखसुद्धा क्षणभर ताल धरून बसलं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. आणि सुई आतल्या कोऱ्या पट्टीत जाऊन नुसतीच फिरू लागली.

उकंडानं हात जोडले.

"उकंडा म्हने, ऐक वं बाई," त्यानं सूर लावला, "वेचनारीले..."

आणि खोकल्यानं त्याला गाठलं. तुळसाबाई पाठ चोळत राहिली. ओळ काही पुरी झाली नाही.

"काय गोड गानं हाये वं," बिजलीबाईनं पदरानं डोळे टिपले. "आमच्या वाडवडलांचंच हाये ते. माही माय म्हने जात्यावर. लहानपनी आयकलं मी."

तुळसाबाईच्या अंगाची आग आग झाली. "तुही माय? वं बिजले, मागच्या दिवाईले केलं यायनं हे गानं! तुही माय मरून..."

उकंडानं तिचं मनगट धरलं. खोकून खोकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो बिजलीबाईकडं पाहत होता. तिच्या ओठांवर अजून ती पहिली ओळ होती, आणि आईच्या आठवणीनं ती जात्यावर बसल्यासारखी डुलत होती.

"राहू दे तुळसे," तो म्हणाला. "तिच्या मायचं राहू दे."