काळ्या मेंदीतली मेंदी

“काका, काळ्या मेंदीत मेंदी किती असते?” सगळीच असते, अशी मैत्रिणीची, उर्मीची पैज होती, म्हणून शाल्मलीने तिला घेऊन दुकान गाठलं आणि विचारूनच टाकलं. परवा मामेबहिणीचा साखरपुडा होता आणि हेअरबँडखाली लपवलेली आपली पांढरी बट काळी करायची होती.

आठवडाभर दोघी भांडत होत्या. शाल्मलीला डायच हवा होता, पण चाचणीसाठी लावलेल्या डायच्या थेंबाने कानामागे पुरळ उठलं. “म्हणून म्हणते, काळी मेंदी लाव बाई,” उर्मी म्हणाली.

काकांनी काळ्या मेंदीचं पाकीट उलटं करून मागच्या यादीवर बोट ठेवलं. “नुसती मेंदी पांढऱ्या केसांना केशरी करते. काळं करतं ते हे पीपीडी नावाचं रसायन, डायमधलंच. पुरळही बहुतेक यानेच उठतं.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग भांडलो तरी कशावर?

घरी शाल्मली भिजवलेल्या साध्या मेंदीची वाटी घेऊन उभी राहिली. “आई, बाबा, परवापर्यंत माझी बट तांबूस होईल. आणि मी हेअरबँड घालणार नाहीये.”