ताराचंदजींचं स्पॅनिश

जगातल्या सगळ्या भाषांवर ताराचंदजींची सारखीच हुकूमत होती. म्हणजे वऱ्हाडी सोडून एकही येत नव्हती. तरी हिंगणघाटच्या वरातींत गाजलेल्या त्यांच्या गाण्याचं धृपद स्पॅनिश होतं: 'ओ पालुमारा, सोला लुमारा!' शब्दाशेवटी 'आ' आला की गळा मोकळा सुटतो, आणि अर्थ मध्ये येत नाही.

आज मात्र नवरदेवाचा साहेब थेट स्पेनहून वरातीला आला होता.

"आज हे गाणं राहू दे, प्रेरणा. इज्जत जाईन."

स्पॅनिश शिकलेली भाची हसली. "मामाजी, 'के सेरा सेरा' सारं जग स्पॅनिश समजून गाते. खऱ्या स्पॅनिशमध्ये आधी 'लो' लागते. इंग्रजांनी 'जे व्हायचं ते होईल' हे त्यांचंच इंग्रजी वाक्य शब्दाले शब्द ठेवून बनवलं, अन् त्यांच्या एका सरदार घराण्यानं ते ब्रीद म्हणून मिरवलं. तुम्ही काऊन भेता? गा!"

ताराचंदजी गायले. साहेब घामाघूम होईस्तोवर नाचला, मग हात जोडून प्रेरणाशी काही बोलला.

"काय म्हणते?"

"म्हणते, मराठी भाषा भलतीच गोड आहे. धृपद लिहून मागून राह्यला. खाली अर्थ टाकजा म्हणते."