दोन शब्दांचं भाषांतर

रोह्याच्या कंपनीत मी लंडनच्या साहेबांची दुभाषी. पहिल्याच दिवशी साहेब ऑपरेटर जितेशदादाला इंग्रजीत म्हणाले, "तुमची हरकत नसेल, तर सवडीने तो पंप पाहता येईल का, असा मी विचार करत होतो." मी शब्दन्‌शब्द सांगितला. दादाला वाटलं, घाई नाय. संध्याकाळी पंप गळतच होता आणि दादाच्या हातात मेमो. "गोड बोलून अडकवतो हा," दादा म्हणाला.

तरी दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना मायेनं म्हटलं, "बसा सायेब, चहा घ्या." मी सांगितलं, "सिट. टेक टी." साहेब दचकले. मला हळूच म्हणाले, "हा माझ्यावर चिडलाय का?"

मग मी शहाणी झाले. साहेबांच्या लांबलचक वाक्याचं "दादा, पंप आत्ता बघ" करायचं आणि दादाच्या "सायेब, चावी द्या"चं "आपली हरकत नसेल तर चावी मिळू शकेल का?" कामं झटपट व्हायला लागली.

काल दोघंही वेगवेगळे एचआरकडे जाऊन आले.

साहेब म्हणाले, "ही माझे शब्द खाते." दादा म्हणाला, "माझ्या बोलण्यात ही पदरचं घालते."