लाल कुलपाची किल्ली

"चार नंबर!" शिपायानं हाक मारली तसा शेजारचा पोरगा उठला आणि आपली निळी बॅग भडक्याच्या मांडीवर टाकून मोकळा झाला.

"जरा बघ रे भावा. आलो पाच मिनिटांत."

"मी काय हमाल आहे?"

"नाहीस. पाच नंबर आहेस," तो हसत म्हणाला आणि आत गेला.

घरचे त्याला भडक्या म्हणायचे ते उगीच नाही. शाळासुद्धा त्यानं मास्तरांशी वाजलं म्हणून सोडली होती. मग तीन वर्षं मामाच्या लाँड्रीत घाम गाळला आणि आता ती लाँड्रीच बंद पडली. आज सात तास बसचे धक्के खात तो या एवढ्या मोठ्या शहरात आला होता. आयुष्यातला पहिला इंटरव्ह्यू, तोही लाँड्रीच्याच कामाचा. निघताना आईनं हात धरला होता. "कुणी काही बोललं तर गिळ. एवढा एक दिवस गिळ."

त्यानं ठरवलंच होतं. नोकरी घेतल्याशिवाय परतायचं नाही.

वीस मिनिटं झाली. निळ्या बॅगेचा मालक आलाच नाही. चेन तुटलेली, तोंड दोऱ्यानं बांधलेलं. आत डबा खडखडत होता.

"पाच नंबर!"

भडक्या दोन्ही बॅगा घेऊन आत गेला. टेबलामागे मॅनेजर आणि फॉर्म भरणाऱ्या एक मॅडम.

"दोन बॅगा? राहायलाच आलास का?" मॅनेजर म्हणाला.

"एक चार नंबरची आहे, साहेब."

"तो पळाला. मागच्या दारानं गेला असेल."

म्हणजे आता हे लोढणं माझ्या गळ्यात! भडक्यानं पहिला घोट गिळला.

"शाळा का सोडली?" मॅडमनी विचारलं.

"तोंड आवरलं नाही, मॅडम."

त्या हसल्या. "आणि आता?"

"आता आवरतोय. बघताय ना."

मॅनेजर हसला नाही. वाळवायच्या मशीनमध्ये चादरी पिवळ्या का पडतात, जाळीवर साठलेला धागा किती वेळानं काढायचा, ड्रम किती भरायचा, असं सगळं विचारलं. भडक्यानं धडाधड सांगितलं. धागा दर पाळीला दोनदा काढायचा, नाहीतर पेट घेतो. ड्रम पाऊण भरायचा, गच्च कोंबला की मधल्या चादरी ओल्याच राहतात.

"तोंडी सगळे हुशार असतात. चल मशीनवर." मॅडमही फॉर्म घेऊन मागून निघाल्या.

आतल्या हॉलमध्ये गरम वाफ आणि कान फुटतील एवढी घरघर. माणूस वाकून आत शिरेल एवढाले ड्रम ओळीनं उभे. लोखंडी दारं सोडली की आपोआप लागत होती आणि उघडायचा खटका फक्त बाहेरून. म्हणून बायका चादरी ओढताना दाराखाली लाकडाची पाचर ठोकत होत्या. तीन नंबरचा ड्रम तेवढा बंद होता. त्याची पाचर हातभर अंतरावर जमिनीवर पडली होती. भडक्यानं निळी बॅग तिच्याशेजारी टेकवली.

"हा चालू करून दाखव," मॅनेजर कानाशी ओरडला आणि हातात किल्ली दिली.

तीन नंबरच्या मेन स्विचला लाल कुलूप होतं. त्याला पाटी लटकत होती. 'काम चालू आहे. चालू करू नये.' खाली सही.

"ही सही कुणाची, साहेब?"

"फिटरची. जेवायला गेला असेल. काढ कुलूप."

"मग किल्ली तुमच्याकडे कशी? ज्याचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात पाहिजे. त्याला बोलवा, तो काढेल."

"तू मला शिकवतोस? नोकरी पाहिजे की नको?"

पाहिजे होती. आईचा हात आठवला. मग मामाचा हात आठवला, डावा, तीन बोटांचा. मामाचं कुलूप कुणीतरी असंच 'जरा' काढलं होतं.

"पाहिजे. पण कुलूप काढणार नाही."

"ठीक आहे. बाहेर सहा नंबर बसलाय. तो काढेल. आण ती किल्ली."

भडक्यानं मूठ आवळली. "त्यालाही देणार नाही. फिटर येईपर्यंत मी इथून हलत नाही. पोलीस बोलवा नाहीतर सैन्य."

मॅनेजर एकदम हसला. पाठीवर थाप मारली.

"अरे, हीच तर परीक्षा होती! फिटर-बिटर कुणी नाही. कुलूप आमचं, सहीसुद्धा माझीच. पहिल्या तिघांनी मुकाट्यानं कुलूप काढून बटण दाबलं. चौथ्याला किल्ली दिली, तो 'आत कुणी नाही ना?' विचारतोय तोच मला फोन आला. बाहेर जाऊन परत येतो तर कुलूप तसंच, किल्ली पॅनेलवर आणि हा गायब. घाबरट! मॅडम, याचं पत्र तयार करा."

मॅडमनी मान हलवली. भडक्याचे पाय हलके झाले. आईला फोन करून काय बोलायचं, तेसुद्धा मनात ठरून गेलं.

"आता काढ कुलूप आणि चालव. हात कसा आहे बघू तुझा."

कुलूप साहेबांचं, हुकूम साहेबांचा. भडक्यानं कुलूप काढलं. स्विच वर केला. बोट हिरव्या बटणावर नेलं आणि सवयीनं थांबला. मामा सुरू करण्याआधी दारावर तीन ठोके द्यायला लावायचा आणि मग पत्र्याला तळहात लावायला सांगायचा. लाँड्रीत कान कामाचे नसतात म्हणायचा.

"आता काय?" मॅनेजर ओरडला. "नाटक होतं म्हटलं ना, आत कुणी नाही!"

"हो साहेब. सवय आहे."

त्यानं तीन ठोके दिले आणि तळहात दाराला लावला.

आतून तीन ठोके आले.