उजवं पान

पैज लागली इतवारीतल्या गल्लीच्या नळावर, पाण्याची वाट पाहता पाहता.

चंपतराव म्हणे, त्याची पोरगी तारा कॉलेजच्या वादविवादात पहिली येणार. शेजारचे नानाजी गुरुजी म्हणे, येत नाही. हरणाऱ्यानं रविवारी सकाळी चहाच्या टपरीसमोर कान धरून दहा उठाबशा काढायच्या. नळावरच्या बायका हसल्या. एक चाळिशी ओलांडलेला, दुसरा त्रेसष्टचा.

"विषय तरी पाहा," गुरुजी म्हणाले. "शाळेत नीतिशिक्षण सक्तीचं करा म्हणे. तुह्या घरून हे कोण बोलन गा?"

चंपतराव भांड्यांवर नावं कोरायचा. गुरुजींच्या तांब्यावर त्यानं एकदा नावाखाली 'वापरून परत करावा' असं कोरून दिलं होतं. गुरुजी वर्षभर तोच तांब्या घेऊन हिंडले.

"अन् विरोधात ताराच्या कॉलेजातली प्रेमलता आहे," गुरुजी पुढं म्हणाले. "तिची तयारी मीच करून घेऊन राहिलो. दुपारची येते."

चंपतरावाचा चेहरा जरा उतरला. पहिल्या येणारीला शेवटच्या वर्षाची फी माफ होती. नाहीतर ताराचं कॉलेज सुटणार होतं. खापरखेड्याचा मुलगा पाहून ठेवला होता, मंडळी होकाराची वाट पाहत होती. ताराला बी.ए. पुरं करायचं होतं. ती काही बोलत नव्हती, पण जेवत पण नव्हती.

गुरुजींना भाषण लिहून मागावं असं ताराच्या आईनं दोनदा सुचवलं. चंपतरावानं ऐकलं नाही. चौथीत त्यानं परीक्षेत कॉपी केली, तेव्हा याच गुरुजींनी त्याचं नाव शाळेतून काढलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्याशी चेष्टा करायचा, भांडायचा, पैजा लावायचा. मागायचा मात्र कधी काही नाही.

चोरायला हरकत नव्हती.

तो रोज संध्याकाळी पेपर वाचायला गुरुजींच्या ओसरीवर बसायचा. गुरुजी त्या वेळी रामाच्या देवळात जात. पैजेनंतर तिथं खिडकीत एक वही पडलेली असायची. पहिल्याच दिवशी त्यानं उघडली अन् गालात हसला. डाव्या पानावर विरोधाचे मुद्दे, उजव्या पानावर त्याला समोरचा काय उत्तर देईल ते. वादविवादाची तयारी अशीच करतात, हे त्याला तारानं सांगितलं होतं.

डावीकडे होतं: सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवता येत नाही, मग नीती कोणत्या धर्माची? उजवीकडे: खरं बोलणं, रांगेत उभं राहणं, मापात पाप न करणं, हे कोणत्याच एका धर्माचं नाही. डावीकडे: वेळ कुठून आणणार? उजवीकडे: आठवड्याला फक्त दोन तास. डावीकडे: पेपर घेतला तर पोरं नीतीच्याच पेपरात कॉपी करतील. उजवीकडे: म्हणून लेखी पेपर नको. गोष्ट सांगावी, प्रसंग द्यावा, 'तू असता तर काय केलं असतं' हे विचारावं.

चंपतराव भांड्याच्या बिलांच्या पाठीवर उतरवून घ्यायचा. तारा विचारायची, "बाबा, हे कुठून आणता?" तो म्हणायचा, डोक्यातून. ती हसायची, अन् सगळं आपल्या शब्दांत पुन्हा लिहायची. रात्री जेवायलाही लागली.

शेवटच्या दिवशी उजव्या पानावर एकच मुद्दा होता. 'चुकलेल्या पोराचं नाव काढणं सोपं आहे. त्याच्याजवळ बसून काहून केलं हे विचारणं, तोच नीतीचा तास. तो आम्हा मास्तरांना कोणी शिकवला नाही. म्हणून विषय सक्तीचा हवा, आधी मास्तरांसाठी.'

हे उतरवताना चंपतरावाची पेन्सिल थांबली. पण गुरुजींच्या चपला वाजल्या, अन् त्यानं वही मिटली.

स्पर्धेत प्रत्येकीला बोलायला सहा मिनिटं होती. पाचव्याला एक घंटा, सहाव्याला दोन. ठराव मांडणारीला शेवटी उत्तराला दोन मिनिटं. तारा कागद न पाहता बोलली. प्रेमलता जोरात बोलली. बहुतेक मुद्दे वहीतलेच होते, क्रम तेवढा वेगळा. एक मुद्दा मात्र वहीत नव्हता: नीती घरी शिकवावी, शाळेवर ढकलू नये. तारा उभी राहिली अन् म्हणाली, ज्याच्या घरी कोणी शिकवणारा नाही, त्यानं काय करावं? मग चुकलेल्या पोराचा मुद्दा तिनं सांगितला. परीक्षकांनी तिला खंडनाला सगळ्यात जास्त गुण दिले.

तारा पहिली आली.

रविवारी टपरीसमोर सारी गल्ली जमली. गुरुजींनी टोपी काढून बाकावर ठेवली, कान धरले. पोरं आकडे मोजत होती. तिसऱ्यापर्यंत चंपतराव पण हसत होता. पाचव्याला गुरुजींचा गुडघा वाजला. सातव्याला ते टपरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

"बस करा, गुरुजी. झालं," चंपतराव म्हणाला.

"तीन बाकी आहेत."

चंपतरावाला तिथं उभं राहवेना. मागं प्रेमलता दुधाचा डबा घेऊन उभी होती. तो तिच्याजवळ गेला अन् हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तू नाही हरली. मी चोरी केली. तुह्या तयारीची वही गुरुजींच्या खिडकीतून रोज वाचली. आता त्यांनाही सांगतो, अन् कॉलेजातही."

प्रेमलतानं डबा खाली ठेवला.

"कोणती वही, काका? मले तर आमच्या कॉलेजातल्या बाईंनी शिकवलं. गुरुजींच्या घरची पायरी मी कधी चढलीच नाही."

मागं पोरं मोजायची थांबली होती. गुरुजींनी स्वतःच आकडा म्हटला, "आठ."