सरळ चेहऱ्यानं सांगितलेली गोष्ट

ब्रॉनविन इतकी हसली, की हातातला तळलेल्या बटाट्याचा तुकडा तिच्या मांडीवर पडला.

"चव्वेचाळीस वर्षांचा झालास आणि आजवर कुणीच नाही? चल, फेकू नकोस, रॉस!"

रॉसनं फेकलं नव्हतं. पण चूक त्याचीच. टास्मानियातल्या आमच्या या बंदरावर खरं बोलायचं असलं तर आधी थोडं हसून घ्यावं लागतं. चेहरा दगडासारखा ठेवायचा तो थाप मारताना. शार्कनं माझा बूट नेला, सीलनं होडी ढकलून किनाऱ्याला लावली, हे सगळं त्याच चेहऱ्यानं सांगायचं. आणि रॉसनं आपल्या आयुष्यातली सर्वांत खरी गोष्ट नेमक्या त्याच चेहऱ्यानं सांगून टाकली. न लाजता सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं. जरा जास्तच न लाजता सांगितलं.

दोघं धक्क्यावर त्याच्या गाडीत बसले होते. काचेसमोर समुद्र, दोघांच्या मध्ये कागदात मासे आणि बटाटे. रविवारची दुपार. जागा आणि वेळ त्यानं विचार करून निवडली होती. आमच्याकडे अवघड गोष्ट समोरासमोर बसून कोणी काढत नाही. शेजारी बसायचं, एकाच लाटेकडे बघायचं आणि बोलायचं. पबमध्ये सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणी धरत नाही. आणि तिच्या घरी, बिलगून बसल्यावर सांगावं, तर ऐकणारीला तिथल्या तिथं हो की नाही ठरवावं लागतं. तो तिच्यावर अन्याय. म्हणून अजून काही घडायच्या आत, दिवसाढवळ्या, पोटात चार घास असताना.

त्याच्या जोडी नावाच्या बहिणीचा सल्ला अगदीच वेगळा होता. "सांगू बिंगू नकोस हं. होबार्ट शहरात एक होती म्हण, मोडलं म्हण, आणि खिडकीबाहेर बघ. पुढचं कोणी विचारत नाही." जोडीनं दोन नवरे सोडलेत, त्यामुळे या विषयात घरात तिचा शब्द शेवटचा. पण रॉसनं हिशेब केला. होबार्टच्या बाईला नाव द्यावं लागेल, मग स्वभाव, मग भांडणाचं कारण. खाडीत शिंपल्यातली कालवं पिकवणारा माणूस तो. भरती-ओहोटी सांभाळता सांभाळता त्याची विशी गेली, आईच्या आजारपणात तिशी. एवढं मोठं खोटं जन्मभर पोसायला त्याच्याकडे सवड कुठली?

आणि आता तर सुटकेचा रस्ता ब्रॉनविननंच उघडून दिला होता. फक्त हसायचं. "काय बनवलं तुला!" एवढंच म्हणायचं. ती खूश, हा मोकळा, मासे गरम. इतका स्वस्त सौदा बंदरावर रोज मिळत नाही.

रॉसच्या ओठांचे कोपरे हललेसुद्धा. मग त्यानं ते जागेवर आणले.

"थाप नाही, ब्रॉन. खरंच कुणी नाही. शाळेच्या नाचात एकीनं ओठ टेकवले होते, तेही तिच्या मैत्रिणीनं पैज लावली म्हणून. बस."

ब्रॉनविनचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती शाळेच्या कचेरीत काम करते, मुलांच्या खोट्या पोटदुख्या रोज ओळखते. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तुला नकोच होतं? का देवधर्माचं काही?"

"हवं होतं. आधी जमलं नाही, मग लाज वाटायची, आणि लाजेपायी आणखी वर्षं गेली. आता लाज नाही वाटत. नुसतं आहे ते आहे."

"मग मला का सांगतोयस?"

"कारण मला तू आवडतेस." तो तसाच पुढं बोलत गेला. "मी हळूहळू पुढं जाईन. कधी विचारीन, हे चालेल का, ते आवडतं का. ते ऐकून तुला वाटू नये की मला तू नकोयस. आणि मला शिकवायची जबाबदारी तुझी नाही. नको वाटलं तर नको म्हण, मी समजून घेईन. आजच सांगायला हवं असंही नाही."

एवढं बोलून तो गप्प बसला. माफी मागितली नाही, विनोद केला नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड, आणि निम्मी माणसं तिथंच घसरतात. गाडीच्या टपावर एक सीगल येऊन बसला आणि काचेवरून डोकं खाली घालून बटाट्यांकडे बघू लागला.

"बावीस वर्षांचा संसार केला मी," ब्रॉनविन समुद्राकडे बघत म्हणाली. "चालेल का, असं नवऱ्यानं एकदाही विचारलं नाही. आणि मी समजत होते, अनुभव म्हणतात तो हाच."

रॉसनं मासे-बटाट्यांचा कागद तिच्याकडे सरकवला.

"आज मी का आले, माहितीये?" तिनं मांडीवरचा बटाटा उचलून कागदात टाकला. "तुला नाही म्हणायला. इतक्यांदा भेटलो, किनाऱ्यावर मैलोन् मैल चाललो, आणि तू कधी साधा हात पुढं केला नाहीस. दाराशी सोडायचास आणि 'सांभाळून राहा' म्हणून पळायचास. मी म्हटलं, माणूस भला आहे, पण याच्या मनात मी नाही."

"अगं, मला तर..."

"कळलं आता." तिनं तेलकट हात रुमालाला पुसला आणि त्याच्यापुढं उघडा धरला. "मघाशी तू हसला असतास ना, रॉस, तर मीही हसत हसत गाडीतून उतरून गेले असते."