साध्या वेशातले साहेब

हेडसरांनी चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचली, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

ती सकाळी सूचनापेटीत निघाली होती. एरवी त्या पेटीत गोळ्यांचे कागद आणि खुद्द हेडसरांची व्यंगचित्रं निघत. ही मात्र रीतसर लिहिलेली होती. अक्षर मोठं विचित्र. आधी कागदभर लांबच लांब शिरोरेघ ओढलेली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं टांगलेलं. ‘मूल्यशिक्षण तपासणारे साहेब आधी साध्या वेशात येऊन जातात. बाप्या असेल, बाई असेल. ओळख देत नाहीत. सांभाळा. हितचिंतक.’

“वरच्या कचेरीत आपलं कुणीतरी आहे,” ते उपमुख्याध्यापिका बाईंना म्हणाले.

सांभाळायला हवंच होतं. शुक्रवारच्या तपासणीत शाळा खरी उतरली नाही, तर ती पलीकडच्या मोठ्या शाळेत विरघळणार होती. अठ्ठावीस वर्षांची शाळा, चहात साखर विरघळावी तशी.

खरं तर मूल्यशिक्षणात हेडसरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणूस कीर्तनवेडा. तास घ्यायचे तोही कीर्तनासारखाच. आधी तत्त्व सांगायचं, मग दाखल्याची गोष्ट, आणि शेवटी पुन्हा तत्त्वावर येऊन टाळ खणकन वाजवायचे. संतांमध्ये कोण कोण होतं, तर शिंपी, कुंभार, माळी, न्हावी, सोनार, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी दासी, गावाबाहेर राहायला लावलेला, मेलेली गुरं ओढणारा. प्रत्येकानं आपल्या धंद्याच्याच शब्दांत देव गायला, कारण देवाला कुठलंच काम हलकं नव्हतं. तो दासीबरोबर दळायला बसला, कुंभाराची माती तुडवायला उतरला. भेटले की हे सगळे एकमेकांच्या पाया पडायचे. थोरला धाकट्याच्या, पंडित अडाण्याच्या. का, तर समोरच्यातही तोच बसलाय. हे सांगताना हेडसरांचे डोळे दर वेळी भरून येत. मग ते डोळे पुसत, चहा मागवत, आणि झाडलोट करणाऱ्या मावशी आपला कानतुटका कप खिडकीतून उचलून व्हरांड्याच्या पायरीवर बसत.

चिठ्ठीनं सगळी घडी विस्कटली.

सोमवारी भंगारवाला आला. हेडसरांनी त्याला खुर्ची दिली आणि शिक्षणपद्धतीबद्दल त्याचं मत विचारलं. तो रद्दीचा भाव वाढवून द्यायला लगेच तयार झाला. मंगळवारी गटार उपसणारा आला, तर चित्रकलेच्या सरांनी त्याच्या हातावर स्वतः पाणी घातलं. बुधवारी एक म्हातारा पत्ता विचारायला आत शिरला आणि तीन कप चहा पिऊन, वर दोन वर्गांना आशीर्वाद देऊन, पत्ता न विचारताच निघून गेला.

“हेच ते,” उपमुख्याध्यापिका कुजबुजल्या.

“कशावरून?”

“चहा पिताना सगळीकडे बघत होते.”

त्याच दिवशी हेडसरांच्या मनात पाल चुकचुकली. ते हळूच म्हणाले, “बाई, आपल्या मावशी... त्या मावशीच आहेत ना?”

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. व्हरांडा झाडणारी एक पाठ दिसत होती. अकरा वर्षं ती पाठच सगळ्यांच्या ओळखीची होती. चेहऱ्याबद्दल शपथेवर सांगायला कोणी तयार होईना. हजेरीपटावर बघावं, तर तिथं नावापुढे नुसता अंगठा.

धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. गुरुवारपासून मावशींना शिक्षकांच्या खोलीत खुर्ची मिळाली आणि सगळ्यांच्यातला कप. हेडसरांनी गुडघ्याची चौकशी केली. गुडघा दुखतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण अंदाज बरोबर निघाला. पायऱ्या पुसायला लांब दांड्याचा पोछा आला. कानतुटका कप हेडसरांनी कपाटात ठेवून दिला. शुक्रवारनंतर लागेल म्हणून.

शुक्रवारी साहेब मोटारीतून आले. गुबगुबीत, अत्तर लावलेले. हेडसरांनी त्यांचा तो गोल चेहरा आठवून आठवून पाहिला. भंगारवाल्याशी जुळेना, म्हाताऱ्याशी तर नाहीच.

तास रंगला. पाया पडण्याचा दाखला आला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून शेजारणीच्या पायांना हात लावला. बघता बघता वर्गभर वाकावाकी झाली. एक घोळका दाराशी उभ्या मावशींकडे धावला. मावशी चटकन खाली बसल्या आणि एकेका पोराच्या पायांना हात लावत राहिल्या.

साहेबांनी रुमाल काढला. “शिकवतात सगळेच,” ते जड आवाजात म्हणाले. “पण तुमच्याकडे झाडणारी बाई शिक्षकांबरोबर चहा पिते, हे मी येता येता पाहिलं. शाळा चालू राहणार.”

हेडसर हात जोडून म्हणाले, “साहेब, आधी कोणत्या वेशात येऊन गेलात, तेवढं सांगा.”

“वेशात? अहो, मी मोटारीतून उतरलो की मला धाप लागते. असलं काही आमच्याकडे नसतं.”

चहा आला. हेडसरांनी कपाट उघडून कानतुटका कप बाहेर काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

“द्या सर, खिडकीत ठेवते,” मावशी म्हणाल्या.

“नको,” हेडसर म्हणाले, आणि कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. “बसा तुम्ही.”

साहेबांनी शेऱ्याची वही पुढे सरकवली. कर्मचाऱ्यांपैकी एकानं दोन ओळी लिहायच्या, असा नियम होता. त्यांचं बोट मावशींकडे गेलं. हेडसरांनी सवयीनं अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली.

मावशींनी ती हळूच बाजूला सारली, साहेबांच्या हातून पेन घेतलं, आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी एक लांबच लांब शिरोरेघ ओढली.